आवक शिक्का आणि लाल फुली

रुग्णालयाच्या आस्थापना विभागात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि मागच्या महिन्यात तर खुद्द अधीक्षकसाहेबांनी एका टिपणीवर ‘भिंग यांनी पाहावे’ असं लिहून खाली सही केली होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती इथे लागली त्याला चार महिने झाले होते. तिचं काम एकच: निवड झालेल्या उमेदवारांची प्रमाणपत्रं खरी की खोटी ते बघायचं.

बरीचशी प्रमाणपत्रं अजून साधी स्कॅन केलेली येत. त्यांच्यासाठी ती संस्थेला फोन लावी. पण काही संस्था आता डिजिटल सही असलेली पीडीएफ थेट रुग्णालयाच्या ईमेलवर पाठवू लागल्या होत्या. ती फाइल उघडली की वरच्या पट्टीत निकाल दिसतो. हिरवी खूण आली तर सही ठीक आणि सहीनंतर फाइलमध्ये काही बदललेलं नाही. पिवळी आली तर सही करणारा कोण ते या संगणकाला माहीत नाही. लाल फुली आली तर सहीनंतर फाइलमध्ये काहीतरी बदललं आहे.

आतापर्यंत अशा सात फाइली आल्या होत्या. सातही लाल.

तिने प्रत्येक वेळी नोंद केली होती, ‘सही अवैध’. साहेबांनी प्रत्येक वेळी त्याचं पुढच्या पत्रात ‘प्रमाणपत्र बनावट’ असं केलं होतं. तिसऱ्या फुलीला तिला जगाबद्दल वाईट वाटलं. पाचव्या फुलीला साहेब म्हणाले, “बघा, तुम्ही नव्हता तेव्हा किती चोर आत शिरले असतील.” तिला ते कौतुक वाटलं होतं, आणि याची तिला नंतर फार लाज वाटणार होती.

सातवी फाइल एका प्रयोगशाळा-तंत्रज्ञ मुलीची होती. आधीचे सहा उमेदवार पत्र मिळाल्यावर गप्प बसले. ही मात्र शुक्रवारी सकाळी साडेअकराला स्वतःच येऊन काउंटरसमोर उभी राहिली, आणि तिच्याबरोबर तिचे मामा होते.

“बनावट म्हणजे काय हो?” मामांनी सुरुवातच वरच्या पट्टीत केली. “आमच्या पोरीने तीन वर्षं रक्त तपासलंय. रक्त! तुमच्यासारखे कागद नाही तपासले.”

“मामा, जरा मला बोलू दे,” मुलगी म्हणाली.

“बोल ना. मी कुठे अडवलंय?” असं म्हणून मामांनी पिशवीतून एक मोठा, गुळगुळीत, चारही कडांनी लॅमिनेट केलेला कागद काढला आणि काउंटरवर आपटला. “हे बघा प्रमाणपत्र. रंगीत. हा बघा विद्यापीठाचा शिक्का. आता सांगा यात काय खोटं आहे.”

भिंगने कागद हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. “याने काही सिद्ध होत नाही, काका. शिक्का दिसतोय ते नुसतं चित्र आहे. चित्र कुणीही काढू शकतं. सही फाइलच्या आत असते, छापल्यावर ती कागदावर येत नाही.”

“म्हणजे लॅमिनेशन फुकट गेलं?”

“हो.”

मामा खाली बसले.

तंत्रज्ञ मुलगी मात्र उभीच होती. तिने पत्र उलगडलं आणि शांतपणे म्हणाली, “मॅडम, आधीच्या नोकरीचा मी राजीनामा दिलाय. निवड यादीची मुदत आज पाच वाजता संपते. त्यानंतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. ते एक वेळ ठीक. पण पत्रात शेवटी लिहिलंय की ही गोष्ट नोंदणी परिषदेला कळवण्यात येईल. एकदा तिथे ‘बनावट’ लागलं की मी कुठेच रक्त तपासू शकणार नाही. प्रमाणपत्र विद्यापीठाने थेट तुम्हाला पाठवलं, त्याची एक प्रत मला आली. मी ती फाइल नुसती उघडून पाहिली. मग मध्ये बदल कुणी केला?”

हा प्रश्न भिंगने स्वतःला आधी विचारायला हवा होता. सातपैकी सात. नाणं सात वेळा फेकून सातही वेळा काटा पडला, तर भौतिकशास्त्राचा माणूस जगात काटे वाढलेत असं म्हणत नाही. तो आधी नाणं उलटून बघतो.

“तुमच्याकडची प्रत मला पाठवाल?” ती म्हणाली.

प्रत आली. भिंगने ती तिच्या संगणकावर उघडली. लाल फुली नव्हती, पिवळी खूण होती. तिने दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या. मुलीची दोनशे चौदा केबी, कार्यालयाची तीनशे एक्क्याऐंशी. मजकूर एकच, तारीख एकच, गुण एकच. फरक फक्त एका ठिकाणी होता. कार्यालयाच्या फाइलमध्ये उजव्या कोपऱ्यात, निळ्या रंगात, किंचित तिरका, एक सुंदर शिक्का होता: ‘आवक क्रमांक ११०७’.

भिंगने मान वळवली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आवककाका चहा पीत बसले होते.

आवककाका म्हणजे आवक-जावकचे कारकून. छत्तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला अकरा महिने. त्यांच्या शिक्क्याशिवाय कार्यालयात कागद काय, कॅलेंडरसुद्धा आत आलेलं नव्हतं. कागद जाऊन ईमेल आले तेव्हा त्यांचा शिक्का नुसता टेबलावर पडून राहिला, आणि काका महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मग त्यांच्या भाच्याने कुठूनतरी एक फुकटचा प्रोग्राम आणून बसवून दिला. त्यात पीडीएफ उघडायची, शिक्का हवा तिथे ठेवायचा, जतन करायचं. काका पुन्हा माणसात आले.

“काका,” भिंग त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, “ईमेलवर आलेली फाइल माझ्याकडे येईपर्यंत तिचं काय काय होतं?”

“काय व्हायचंय? मी उघडतो, शिक्का मारतो, जतन करतो, तुझ्या फोल्डरमध्ये टाकतो. आणि मग मूळ ईमेल पुसून टाकतो. उगाच पेटी भरते.”

“प्रत्येक फाइलवर?”

“अगं, शिक्का नाही तर कागद आलाच नाही!” काका हसले. “बघितलास ना, सात अंशांनी तिरका ठेवलाय. सरळ मारला तर खोटा वाटतो.”

भिंगने खुर्ची ओढली. वाईट बातमी उभ्याने देऊ नये एवढं तिला कळत होतं.

“काका, डिजिटल सही करताना फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून एक ठसा काढतात. फक्त सहीची स्वतःची जागा सोडून. तो ठसा सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद करून फाइलमध्येच ठेवतात. आपण फाइल उघडली की संगणक पुन्हा ठसा काढतो आणि आतल्या ठशाशी जुळवतो. मध्ये एक स्वल्पविराम जरी हलला तरी जुळत नाही.”

“बरोबर आहे. चोरी पकडायला हवीच.”

“तुमचा प्रोग्राम शिक्का वरून चिकटवत नाही. तो सगळी फाइल नव्याने लिहून काढतो.”

काकांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे मी?” ते म्हणाले.

“तुम्ही नाही, शिक्का,” भिंग म्हणाली. तिला वाटलं होतं त्याने फरक पडेल. पडला नाही.

काका मात्र सहजासहजी हार मानणाऱ्यांतले नव्हते. “सिद्ध कर,” ते म्हणाले.

मग दोघांनी मिळून ते सिद्ध केलं. मुलीने पाठवलेल्या फाइलची एक नक्कल काढून काकांनी नेहमीसारखा शिक्का मारला. लाल. “कोपऱ्यात लहानसा मारला तर?” दुसरी नक्कल, नखाएवढा शिक्का. लाल. “पांढऱ्यावर पांढरा मारला तर? दिसणारसुद्धा नाही.” तिसरी नक्कल. शिक्का कुणालाच दिसला नाही, संगणकाला दिसला. लाल. काकांनी शेवटी नुसतं उघडून, काहीही न करता, त्या प्रोग्राममध्ये जतन केलं. तरीही लाल.

“माझा भाचा,” काका हळूच म्हणाले, “लहानपणी घड्याळं उघडायचा. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.”

साडेबारा वाजले होते. दोघं साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“म्हणजे आपण सात जणांना बनावट ठरवलं, ते आपणच बनावट केल्यामुळे?”

“हे सातवं नक्की. आधीचे सहा तपासावे लागतील.”

“हे बाहेर कुणाला बोलू नका.”

“बाहेर मामा बसलेत, सर.”

साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले. “ठीक आहे. पण तिने पाठवलेली प्रत मी धरणार नाही. नियम स्पष्ट आहे, प्रमाणपत्र संस्थेकडून थेट आलेलं हवं.”

“सर, सही फाइलच्या आत आहे. ती कुणाच्या हातून आली याने फरक पडत नाही. डिजिटल सहीचा उपयोगच तो आहे.”

“उपयोग तुमचा, नियम माझा. मूळ ईमेल आणा.”

मूळ ईमेल पुसलेला होता. काकांचा चेहरा उतरला. पण पुसलेले ईमेल कचऱ्याच्या कप्प्यात तीस दिवस राहतात, आणि विद्यापीठाचा ईमेल बावीस दिवसांपूर्वीचा होता. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा तो कप्पा उघडला. त्यात चारशे सहा ईमेल होते. “हे सगळं अजून इथेच आहे?” ते म्हणाले. घरातला माळा उघडल्यासारखा त्यांचा आवाज होता.

जेवणाची सुट्टी त्या कप्प्यात गेली. पावणेदोनला ईमेल सापडला. भिंगने जोडलेली फाइल तशीच उतरवून घेतली, दोनशे चौदा केबी, आणि उघडली. सहीनंतर काहीही बदललेलं नाही, पण सही करणाऱ्याची ओळख पटत नाही. पिवळी.

साहेब आता तिच्या खुर्चीमागेच उभे होते. “अजून पिवळी का?”

“विद्यापीठाच्या कुलसचिवांना सही एका प्रमाणन संस्थेने ओळख तपासून दिलीय. ती संस्था कोण, हे या संगणकाला माहीत नाही. नवा आहे ना. आतापर्यंत सगळंच लाल येत होतं, म्हणून हे दिसलंच नाही.”

“ते बघा, तिथेच लिहिलंय, ‘विश्वास ठेवा’. दाबा.”

“नाही दाबता येणार, सर.”

“बटण आहे की.”

“सर, मी आज संध्याकाळी घरी बसून कुलसचिवांच्या नावाने स्वतःची सही बनवली, तरी हेच बटण येईल. ते दाबलं की तीपण हिरवी होईल. आपण ज्याला ओळखतो असं म्हणू, त्याला संगणक ओळखतो. आधी आपण ओळखायला हवं.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “मग ओळखा. तीन वाजत आले.”

प्रमाणन संस्थेचं स्वतःचं डिजिटल मूळ प्रमाणपत्र तिने संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलं. त्याला एक अंगठ्याचा ठसा म्हणतात तसा ठसा असतो, चौसष्ट अक्षरांचा, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. तो ठसा फोनवरून पडताळून घ्यायचा होता. फोन नंबर ईमेलमधला नाही घ्यायचा; ज्याची ओळख पटवायची त्याच्याकडूनच त्याचा पत्ता विचारण्यात अर्थ नाही. काकांनी कपाटातून शासकीय दूरध्वनी पुस्तिका काढली.

भिंगने फोन स्पीकरवर लावला. पलीकडे प्रमाणन संस्थेतल्या एक बाई होत्या. त्यांना असा फोन नोकरीत पहिल्यांदाच आला होता हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. “पूर्ण वाचून दाखवू? चौसष्ट?”

“पूर्ण,” भिंग म्हणाली. “काका, तुम्ही पडद्यावरचं बघा. मी लिहून घेते, तुम्ही जुळवा.”

काकांनी खुर्ची पुढे घेतली. छत्तीस वर्षं आवक क्रमांक जुळवलेल्या माणसाची ती बैठक होती. बाई वाचत होत्या, काका प्रत्येक अक्षरावर पेन्सिल टेकवत होते. एकेचाळिसाव्या अक्षराला काकांनी हात वर केला.

“थांबा. त्या आठ म्हणाल्या. इथे बी आहे.”

बाहेरच्या बाकावरून तंत्रज्ञ मुलीने मान वर केली. दार उघडं होतं आणि तिला सगळं ऐकू जात होतं.

भिंगने पडद्यावरची अक्षरं मोठी केली. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, वाकले, पाहिलं. “आठच आहे,” ते म्हणाले. “बारीक होतं. पुन्हा पहिल्यापासून घेऊ.”

“पुन्हा?” साहेब म्हणाले. “एकेचाळीसपासून घ्या की.”

“पहिल्यापासून,” काका म्हणाले. “एकदा चुकलेला डोळा मागेही चुकला असेल.” साहेबांशी ते असं कधी बोलले नव्हते. बाईंनी पलीकडे सुस्कारा टाकला आणि पहिल्यापासून वाचलं.

चौसष्टच्या चौसष्ट जुळली. भिंगने त्या संस्थेला संगणकाच्या विश्वासू यादीत टाकलं, फाइल बंद केली, पुन्हा उघडली. संगणकाने थोडा वेळ घेतला. कुलसचिवांची सही मध्येच रद्द तर झालेली नाही, हे तो संस्थेकडे विचारत होता. मग हिरवी खूण आली.

भिंगच्या कार्यकाळातली ती पहिली हिरवी खूण होती. ती बघायला शेजारच्या वेतन शाखेतून तीन जण आले.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेबांनी आधीचं पत्र रद्द केल्याचा आदेश आणि नेमणुकीचा आदेश एकाच पानावर तयार करायला सांगितला. पान तयार झालं. साहेबांनी कुलूपबंद खणातून डोंगल, म्हणजे त्याच प्रमाणन संस्थेने दिलेली सहीची कांडी, काढला, संगणकाला लावला, पासवर्ड टाकण्यासाठी बोटं वर केली.

“साहेब, हात थांबवा!” काका दारातून ओरडले.

“आता काय?”

“जावक क्रमांक. तुम्ही सही केल्यावर फाइल माझ्याकडे येणार, मी तिच्यावर जावक शिक्का मारणार, आणि पोरीच्या हातात पुन्हा लाल फुली पडणार.” काका आत आले. ते धापा टाकत होते. “आधी शिक्का. मग सही. शिक्का सहीच्या आत यायला हवा, म्हणजे सही त्यालाही सांभाळेल.”

भिंगने काकांकडे पाहिलं. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आत येणाऱ्या फाइलींचा विचार करता करता बाहेर जाणाऱ्या राहूनच गेल्या होत्या.

“आणि आवकीच्या फाइलींचं काय?” साहेबांनी विचारलं.

“क्रमांक फाइलच्या नावात टाकायचा, आत हात नाही लावायचा,” भिंग म्हणाली. “नाव बदललं तर आतला एकही बाइट हलत नाही.”

“मूळ ईमेल पुसायचा नाही,” काकांनी स्वतःच पुढे जोडलं. “आणि नोंदवहीत शिक्का मारायचा. रबराचा. आहे माझ्याकडे.”

काकांनी जावक शिक्का मारला, सात अंशांनी तिरका. साहेबांनी सही केली. चार वाजून पस्तीस मिनिटांनी आदेश ईमेलने गेला, आणि दारासमोरच्या बाकावर तंत्रज्ञ मुलीचा फोन वाजला.

मामा उठून उभे राहिले. “झालं का? चला, पेढे—”

“थांब मामा.” मुलगी फोनकडे बघत होती. “इथे नुसती अक्षरं दिसताहेत. सही बरोबर आहे की नाही ते फोनवर काही दाखवत नाही.” ती आत आली आणि भिंगच्या टेबलाशी थांबली. “मॅडम, मला ही तुमच्या संगणकावर उघडून बघायचीय. मला आलेली, माझ्या ईमेलमधली.”

“अहो, साहेबांनी तुमच्यासमोर सही केली!” वेतन शाखेतल्या एकाने म्हटलं.

“मागचं पत्रसुद्धा साहेबांनीच पाठवलं होतं,” मुलगी म्हणाली. त्यात राग नव्हता. नमुना दूषित आहे की नाही हे विचारावं तसा तो आवाज होता.

भिंगने तिला खुर्ची दिली आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मुलीने फाइल उतरवली, उघडली. सहीवर टिचकी मारून नाव वाचलं, वेळ वाचली, सहीनंतर बदल नाही हे वाचलं, मग ज्या संस्थेने सही दिली तिचं नाव भिंगच्या वहीतल्या चौसष्ट अक्षरांशेजारच्या नावाशी ताडून पाहिलं. सगळं हिरवं होतं. तिने कुठलीही घाई केली नाही. चार बावन्न झाले.

“ठीक आहे,” ती म्हणाली आणि उठली. “सोमवारी किती वाजता यायचं?”

“आठ वाजता. प्रयोगशाळा तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पुढे.” भिंग क्षणभर घुटमळली. “त्या नोंदीत ‘सही अवैध’ मी लिहिलं होतं. का अवैध ते न बघता.”

मुलीने तिच्याकडे पाहिलं. “आणखी किती जण आहेत?”

“सहा.”

“मग सोमवारपर्यंत तुम्हाला पुष्कळ काम आहे,” ती म्हणाली आणि मामांना घेऊन गेली. मामांनी जाताना लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र काउंटरवरून उचललं, पदराने पुसावं तसं शर्टाच्या बाहीने पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

सहापैकी दोन ईमेल सापडले; बाकीचे चार कचऱ्याच्या कप्प्यातून तीस दिवस उलटून कायमचे गेले होते. भिंगने त्या चार संस्थांना प्रमाणपत्रं पुन्हा पाठवण्याची विनंती लिहायला घेतली. शेजारी काकांनी दुसरी खुर्ची आणली, नोंदवही उघडली आणि प्रत्येक विनंतीला सहीच्या आधी जावक क्रमांक दिला.